तिन्हीसांजेचं रडणं : कोणतं थांबून बघायचं आणि कोणतं नाही

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या बोलण्याचा मजकूर. ज्या ताईंना बैठकीला येता आलं नाही त्यांच्यासाठी देत आहोत.)



हप्त्यांचा हिशोब झाला, आता दुसऱ्या विषयाकडे येते. गेल्या दोन-तीन महिन्यांत बारामती आणि इंदापूर, दोन्हीकडच्या गटांमधून मला एकच प्रश्न सारखा येतोय. "ताई, बाळ दिवसभर चांगलं असतं आणि दिवेलागणीला रडायला लागतं. पाय पोटाशी घेतं, मुठी आवळतं, लालबुंद होतं. काय केलं तरी थांबत नाही. पोट धरलंय का त्याचं?" तुमच्यातल्या कितीतरी जणींनी माझ्या वयापेक्षा जास्त पोरं हातावर वाढवली आहेत, त्यामुळे बाळ कसं घ्यावं हे मी तुम्हाला शिकवायला आलेले नाही. पण सारखं दिसणारं रडणं दोन वेगळ्या कारणांचं असू शकतं. एक आपोआप जातं आणि दुसऱ्यात तासातासाला धोका वाढतो. हा फरक ओळखायला दवाखान्याची मशीन लागत नाही. तो घरी बसून, घड्याळ आणि बाळाचा चेहरा बघून कळतो.

आधी पाय पोटाशी घेण्याबद्दल. आपल्याकडे पाय वर घेतले म्हणजे पोटच दुखतंय, असं धरून चालतात. तसं नाही. तान्हं बाळ कशानेही जोरात रडलं, भूक लागली, कान दुखला, दमलं, तरी त्याचं सगळं अंग आवळतं. पोट कडक होतं, पाय वर येतात, चेहरा लाल होतो. वर रडताना ते हवा गिळतं, मग ती हवा खालून जाते आणि आपण म्हणतो, "बघा, गॅसच झालेला होता." पुष्कळदा गॅसमुळे रडणं नसतं, रडण्यामुळे गॅस झालेला असतो. म्हणून पाय वर आले एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. ठरतं ते तीन गोष्टींवरून. बाळ किती दिवसांचं आहे, रडणं कसं येतं-जातं, आणि न रडण्याच्या वेळात बाळ कसं असतं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी आहे आणि तिच्याकडेच कोणी बघत नाही, कारण बाळ गप्प झालं की घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकून कामाला लागतात.

आता आपल्याकडचीच दोन बाळं सांगते. नावं-गावं मुद्दाम सांगत नाही.

पहिली एक मुलगी. भिगवणच्या बाजूची वस्ती, घरी चार जर्सी गायी. जन्माला वजन दोन किलो सातशे ग्रॅम. तिसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळचं रडणं सुरू झालं. साडेसहाला सुरू, नऊ-साडेनऊपर्यंत. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच दिवस. नेमकी तीच वेळ धारा काढायची, डेअरीला दूध घालायची, भाकरी टाकायची. सासू म्हणाली दृष्ट लागली, मीठ-मोहरी ओवाळून झाली. शेजारणीने सांगितलं, तू बटाटा नि हरभऱ्याची डाळ खाल्लीस म्हणून. त्यामुळे बाळंतिणीचं जेवण ज्वारीची भाकरी आणि मेथीच्या पातळ भाजीवर आलं. मग कुणीतरी म्हणालं की दूध पुरत नाही हिला, संध्याकाळी छाती मऊ लागते. घरी दूध आहेच, गायीचं दूध पाणी घालून बाटलीने द्यायला सुरुवात झाली. दोन दिवसांनी त्या बाळाला जुलाब लागले.

बाळ ४२ दिवसांचं असताना आशाताई आल्या तेव्हा मीही त्यांच्याबरोबर होते. तुम्हाला माहीत आहे, दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांनी वजन केलं, तीन किलो सातशे. म्हणजे सहा आठवड्यांत एक किलो वाढलेलं. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतं आणि मग भरून येतं. पुढे दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढलं की दूध पुरतंय समजायचं. लघवी दिवसातून सात-आठ वेळा, ताप नाही, उलटी नाही. बाटली सुरू होण्याआधी शी पिवळी आणि पातळ, स्तनपानावरच्या बाळाची असते तशीच. मी तिच्या आईला विचारलं, सकाळी दहा वाजता कशी असते? ती म्हणाली, "हसते ना, बघते, पिते, झोपते." रडणं थांबल्यावर? "पिऊन झोपून जाते." इथेच निम्मं उत्तर मिळालं.

याला डॉक्टर कॉलिक म्हणतात. आपण पोटशूळ म्हणतो, पण पोटातच काही बिघडलेलं असतं असं आजवर नक्की सापडलेलं नाही. सगळ्याच देशांतल्या बाळांचं रडणं जन्मानंतर वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त होतं, आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. कॉलिकचं बाळ म्हणजे या चढावर जरा जास्त उंच गेलेलं बाळ. १९५४ साली वेसेल नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी एक माप सांगितलं, ते लक्षात ठेवायला सोपं आहे. चांगल्या वाढणाऱ्या बाळाचं दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, असं तीन आठवडे चाललेलं रडणं. आता डॉक्टर तास मोजत बसत नाहीत. बाळ पाच महिन्यांच्या आतलं असावं, रडण्याला उघड कारण नसावं, आणि वाढ, ताप, आजारपण यांची काही तक्रार नसावी, एवढं बघतात. आईचं दूध असो की वरचं, दोन्हीकडे होतं. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर आठवडे खऱ्या तारखेपासून मोजायचे. महिनाभर आधी आलेल्या बाळाचं रडणं आपल्या हिशोबाने महिनाभर उशिरा जास्त होईल.

एक गंमत बघा. आशाताईंची ४२ व्या दिवसाची भेट म्हणजे बरोबर सहावा आठवडा, रडणं सगळ्यात जास्त असण्याची वेळ. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. मधले सहा आठवडे घर एकटं असतं आणि त्याच काळात बाटली सुरू होते, ड्रॉप्स सुरू होतात, आईचं जेवण तोडलं जातं. म्हणून ४२ व्या दिवशी आशाताईंना संध्याकाळच्या रडण्याबद्दल आपणहून सांगा आणि वजन कार्डावर लिहून घ्या.

त्या मुलीच्या घरी काय केलं? बाटली बंद केली. संध्याकाळी छाती मऊ लागते याचा अर्थ दूध संपलं असा नाही. तेव्हा एका वेळचं दूध कमी येतं, बाळ सारखं-सारखं मागतं, आणि मागेल तसं पाजत राहिलं की पुरतं. जुलाबासाठी आशाताईंनी ओआरएस दिलं, आरोग्य केंद्रात दाखवून आणलं. आईचं जेवण पूर्ववत केलं. आईने बटाटा किंवा डाळ खाल्ल्याने बाळाचं पोट धरतं याला आधार नाही. फक्त एका ठिकाणी आईच्या खाण्याचा संबंध येतो. बाळाच्या शीमध्ये रक्ताच्या रेषा किंवा खूप शेंबूड दिसत असेल, अंगावर खरजेसारखं उठत असेल, तर गायीच्या दुधातल्या प्रथिनांचं वावडं असू शकतं. तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून आई दोन-तीन आठवडे दूध-दही बंद करून बघते. आपल्या मनाने नाही.

आणि रडण्याचं काय? खरं सांगायचं तर त्यावर खात्रीचं औषध नाही. गॅसचे थेंब, म्हणजे सिमेथिकोन, साध्या पाण्यापेक्षा जास्त काम करतात असं तपासात दिसलेलं नाही. ग्राइप वॉटरचंही तेच. जुन्या ग्राइप वॉटरमध्ये तर अल्कोहोल असायचं, पोरं गप्प व्हायची यात नवल ते काय. एका औषधाबद्दल मात्र कडक सांगते, डायसायक्लोमिन. पोटातला मुरडा थांबवणाऱ्या काही थेंबांमध्ये ते असतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते द्यायचं नाही, त्याने श्वास थांबल्याच्या घटना घडलेल्या आहेत. घरात आधीच्या पोराची बाटली पडलेली असते आणि तीच काढून दिली जाते. मेडिकलवाल्याला दाखवा, यात डायसायक्लोमिन आहे का म्हणून विचारा, आणि असलं तर फेकून द्या.

बाळगुटीवर मी बोलले की आज्या नाराज होतात, तरी बोलते. सहाणेवर मुरडशेंगेचा एक वळसा आणि वेखंडाचे दोन वळसे उगाळले, तर त्यात औषध किती उतरलं हे कुणालाच सांगता येत नाही. जायफळाचे वळसे जास्त झाले तर बाळ गुंगीत जातं. मग खऱ्या आजाराची सुस्ती आली तरी आपल्याला वाटतं गुटीने झोपलंय. ती मधात दिली तर आणखी वाईट. एक वर्षाच्या आत मध नाहीच, त्यातल्या जंतूंमुळे बाळाचं अंग लुळं पडू शकतं. नाभीभोवती हिंगाचा लेप लावायचा असेल तर कोमट लावा, मी भांडणार नाही. पण पोटावर बिब्बा लावणं, डाग देणं, तव्यावर गरम केलेल्या फडक्याने शेकणं, खोलीत धुरी करणं, यातलं काही नको. बिब्ब्याने कातडी सोलवटलेलं बाळ मी बघितलं आहे.

जे करता येतं ते साधं आहे. ढेकर काढायचा. बाळाला उभं धरून, छातीशी घेऊन फिरायचं. दिवा मंद, टीव्ही बंद, माणसं कमी. काही बाळं पालथी हातावर घेतली की शांत होतात, काही झोळीत. आज जे चाललं ते उद्या चालेलच असं नाही. आणि पाळी लावायची. त्या घरात असं ठरलं की साडेसहा ते साडेसात बाळ आजोबांकडे, मग धारा काढून आलेल्या बापाकडे, आणि आईने मध्ये पाजायचं तेवढं पाजायचं. आजोबा पहिल्या दिवशी म्हणाले, मला जमणार नाही. आता ते बाळाला घेऊन गोठ्यात गायींसमोर उभे राहतात. बाळ गप्प होतं की नाही माहीत नाही, पण सुनेच्या भाकरी होतात.

आई एकटी असेल आणि रडणं ऐकून डोकं फिरायची वेळ आली, तर बाळाला सतरंजीवर उताणं ठेवा, दार लोटा आणि दहा मिनिटं बाहेर उभ्या राहा. बाळ रडल्याने मरत नाही. पण रागाने एकदा गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो. असं हलवलं जाण्याचा धोका याच आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो.

ती मुलगी साडेतीन महिन्यांची झाली आणि रडणं संपलं.

आता दुसरं बाळ. नीरा डाव्या कालव्याच्या कडेची वस्ती, मुलगा, सात महिन्यांचा. हाही लहानपणी दीड-दोन महिन्यांचा असताना संध्याकाळी रडायचा, चौथ्या महिन्यात थांबलेला. मधले तीन महिने काही तक्रार नाही. सर्दी होऊन आठवडा झालेला. एके दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास तो अचानक किंचाळला. पाय पोटाशी घेतले, चेहरा पांढराफटक. दोन-तीन मिनिटं रडला आणि गप्प झाला. आजी म्हणाली, "याचं जुनं दुखणं परत आलं." वीस मिनिटांनी पुन्हा तसंच. हिंग लावलं, ग्राइप वॉटर दिलं, दोन्ही वेळा उलटून काढलं. दर पंधरा-वीस मिनिटांनी हेच चाललं. मधल्या वेळात बाळ शांत होतं, पण खेळत नव्हतं. आईने हातात खुळखुळा दिला तर धरला नाही. अंगावर घेतलं तर तोंड फिरवलं. रात्री दहानंतर रडणं कमी झालं आणि ते डोळे मिटून पडून राहिलं. घरच्यांना वाटलं उतार पडला. पहाटे चारला हिरवी उलटी झाली, आणि लंगोटात लालसर-काळपट, जेलीसारखा बुळबुळीत शेंबूड.

सकाळी बारामतीला नेलं. सोनोग्राफीत आतड्याचा तो भाग कांद्याच्या चकतीसारखा, एकात एक गोल, असा दिसला. लहान बाळांच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला पाठवलं. शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर, दुपार झाली. हवा भरून सोडवायचा प्रयत्न करावा अशी बाळाची स्थिती नव्हती, म्हणून ऑपरेशन झालं. अडकलेलं आतडं हाताने सोडवता आलं, कापावं लागलं नाही. बाळ आठवड्याने घरी आलं. आता चालतंय.

झालं काय होतं? सदरा काढताना बाही उलटी होऊन आत जाते ना, तसं आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. याला इंटससेप्शन म्हणतात. आपण आतड्यात आतडं अडकणं म्हणू. हे मुख्यतः तीन महिने ते दोन वर्षांच्या मुलांना होतं, जास्त करून चार ते दहा महिन्यांत. पुष्कळदा आधी सर्दी किंवा जुलाब होऊन गेलेले असतात, त्याने आतड्यातल्या गाठी सुजतात आणि आतड्याला आत ओढल्या जायला धरायला जागा मिळते. आतडं अन्न पुढे ढकलायला ठरावीक वेळाने आवळतं. ते आवळलं की कळ येते, सैल पडलं की कळ जाते. म्हणून रडणं लाटांसारखं येतं. आत शिरलेल्या भागाचा रक्तपुरवठा आवळला जातो, तो सुजतो, मग त्याच्या अस्तरातून रक्त आणि शेंबूड पाझरतो. तीच ती जेलीसारखी शी. म्हणजे ती शी दिसते तेव्हा बराच वेळ गेलेला असतो. रक्त दिसायची वाट बघायची नाही, हे मी तुम्हाला दोनदा सांगेन. काही बाळांना ते दिसतच नाही.

लवकर नेलं तर बऱ्याच बाळांचं ऑपरेशन टळतं. शीच्या वाटेने नळी घालून हवा किंवा पाणी हळूहळू भरतात, त्या दाबाने शिरलेलं आतडं मागे सरकतं, आणि हे सगळं मशीनवर बघत करतात. उशीर झाला, आतडं काळं पडलं किंवा फुटलं, तर ते कापून जोडावं लागतं. सोडवल्यानंतर साधारण दहातल्या एका बाळाला पुन्हा तसंच होऊ शकतं. म्हणून त्या घरच्यांना सांगून ठेवलंय की परत तशी लाट आली तर एक तासही थांबायचं नाही.

आता ही दोन्ही बाळं शेजारी ठेवून बघा. दोघंही संध्याकाळी रडली, दोघांनीही पाय पोटाशी घेतले. पण मुलगी सहा आठवड्यांची होती आणि मुलगा सात महिन्यांचा. चार महिने उलटल्यावर नव्याने सुरू झालेल्या रडण्याला कॉलिक म्हणायचंच नाही, जुनं दुखणं परत येत नाही. मुलीचं रडणं एकसलग, कमी-जास्त होत, तीन तास, आणि रोज साधारण त्याच वेळी. मुलाचं दोन-तीन मिनिटं रडणं, वीस मिनिटं गप्प, पुन्हा रडणं. मुलगी लाल व्हायची, मुलगा पांढरा पडला. आणि मुलगी रडून झाल्यावर प्यायची, सकाळी हसायची. मुलगा गप्प होता तेव्हाही बरा नव्हता. रात्री दहाला तो शांत झाला, ती सगळ्यात वाईट खूण होती आणि घरातल्या सगळ्यांनी तिला चांगली खूण मानलं. आजीचा यात दोष धरू नका. तिने या बाळाचं आधीचं रडणं बघितलेलं होतं, तिच्या जागी कोणीही तसंच म्हटलं असतं.

कॉलिकच्या वयातल्या बाळालाही दुसरं काही असू शकतं. म्हणून रडणं थांबत नसेल तर कॉलिक म्हणण्याआधी एकदा बाळाचे सगळे कपडे काढा, टोपी, मोजे, लंगोट, कमरेचा करदोडा, सगळं. मोबाइलची बॅटरी लावा आणि वरपासून खालपर्यंत बघा. दोन जागा चुकवू नका. एक जांघ. तिथे किंवा मुलाच्या अंडाच्या पिशवीत टणक गाठ आली असेल, हात लावला की बाळ आणखी किंचाळत असेल, तर तो अडकलेला हर्निया असू शकतो. मुलींनाही होतो. तो आत ढकलायला बघू नका, थेट दवाखाना गाठा. दुसरी जागा पायाची नि हाताची बोटं आणि मुलाची लघवीची जागा. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाईचे केस खूप गळतात. त्यातला एखादा केस मोज्यात जातो, बोटाला गुंडाळला जातो आणि आवळतो. बोट सुजून लाल-निळं पडतं. केस इतका रुततो की दिसतही नाही. सहज सुटला तर सोडवा, नाहीतर दवाखान्यात न्या. काहींना ही गोष्ट खोटी वाटते, पण डॉक्टरांना विचारा.

काही वेळा घड्याळ बघायलाही थांबायचं नाही. हिरवी उलटी, म्हणजे चिंचेच्या कोवळ्या पानासारखी नाही तर मेथीच्या रसासारखी गडद हिरवी, कुठल्याही वयात, अगदी आठ दिवसांच्या बाळाला झाली तरी लगेच निघायचं. पहिल्या महिन्यात याचा अर्थ आतड्याला पीळ पडला असा असू शकतो आणि तिथे मोजून काही तास हातात असतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, फुगून टणक झालेलं पोट, दूध घेणं सोडणं, शीत रक्त, हातात ढिलं पडणं, यांतलं एक असलं तरी तसंच. तापमापक आशाताईंकडे असतो, तुमच्या गटाने एक घेऊन ठेवला तर फार पैसे लागत नाहीत.

दवाखान्यात नेताना १०८ ला फोन करा. एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात तपासणी, औषध, भरती आणि जाण्या-येण्याचं वाहन मोफत आहे, त्यासाठी १०२ नंबरही आहे. उलट्या चालू असतील तर वाटेत तोंडाने काही देऊ नका. खराब झालेला लंगोट धुऊ नका, पिशवीत घालून बरोबर न्या. डॉक्टरांना तो बघून जे कळेल ते आपल्या दहा वाक्यांनी कळणार नाही. आणि कागदावर लिहून न्या की पहिली कळ किती वाजता आली, दोन कळांमध्ये किती मिनिटं गेली, शेवटचं दूध कधी घेतलं, उलटीचा रंग कोणता. तिथे "पोट धरलंय" एवढंच म्हणालात तर गर्दीत थेंब लिहून देऊन घरी पाठवलं जाऊ शकतं. "पाच वाजल्यापासून दर वीस मिनिटांनी पांढरं पडून किंचाळतंय आणि मध्ये खेळत नाही" असं म्हणालात तर सोनोग्राफी होईल.

बैठकीत शेवटी एका मावशींनी विचारलं, रोज संध्याकाळी रडणाऱ्या बाळाला मग दवाखान्यात न्यायचंच नाही का? न्यायचं, एकदा नक्की न्यायचं, पण दिवसा, निवांत, कार्ड बरोबर घेऊन. डॉक्टर वजन बघतील, पोट आणि जांघ तपासतील, कान बघतील, वाटलं तर लघवी तपासायला सांगतील, कारण तान्ह्या बाळांच्या लघवीतला जंतुसंसर्ग नुसत्या रडण्यातूनच कळतो असं काही वेळा होतं. सगळं ठीक निघालं की घरी येऊन आठवडाभर वहीत लिहा, रडणं किती वाजता सुरू, किती वाजता बंद, मध्ये बाळ कसं. आपल्या बचतीच्या वहीची मागची पानं चालतील. दुसऱ्या मावशींनी विचारलं, घड्याळ बघून लिहायला वेळ कुठे असतो? त्यांच्याच सुनेने उत्तर दिलं, "डेअरीची गाडी येण्याआधी की नंतर, एवढं लिहिलं तरी चालेल ना?" चालेल.